काशीदचा शनिवार आणि एका चौकशीचा भाव

काशीदमध्ये डिसेंबरातल्या शनिवारी रात्री खोली रिकामी ठेवायची म्हटली तरी राहत नाही, आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारी तीच खोली भरायची म्हटली तरी भरत नाही. मुरूड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ज्यांनी घराच्या मागे दोन-चार खोल्या बांधून होमस्टे सुरू केला, त्यांना हे कोणी सांगायला नको. तरीही फोनवर जाहिरात लावताना हीच गोष्ट हिशेबातून निसटते. महिन्याला जाहिरातीवर किती गेले, त्यातून किती चौकश्या आल्या, एक चौकशी कितीला पडली, इथवर बहुतेक जण येतात. जाहिरात देणाऱ्या कंपनीच्या पडद्यावर हा आकडा आयताच मिळतो. एका चौकशीला आपल्याला जास्तीत जास्त किती परवडतं, हा आकडा मात्र कुठल्याच पडद्यावर नसतो. तो घरच्या वहीतून काढावा लागतो. माझं म्हणणं असं की काशीदसारख्या गावात तो बहुतेक वेळा चुकीचा निघतो, आणि चूक गुणाकारात नसून कुठलं गिऱ्हाईक जाहिरातीच्या नावावर मांडायचं यात असते.

मूळ हिशेब दोन ओळींचा आहे. शंभर चौकश्यांतली किती पक्की होतात ते बघायचं, आणि एका बुकिंगमागे खर्च वजा जाता किती सुटतात ते बघायचं. दोन्हींचा गुणाकार केला की एका चौकशीला जास्तीत जास्त किती देता येतील ते कळतं. शंभरात आठ पक्की होत असतील आणि बुकिंगमागे अडीच हजार सुटत असतील, तर शंभर चौकश्यांतून वीस हजार सुटले, म्हणजे एका चौकशीला दोनशे. दोनशे दिले तर हाती काही उरत नाही आणि गाठचंही जात नाही. त्याच्या वर दिलं की खिशातून गेलं. ही युक्ती आजची नाही. अमेरिकेतला जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ सालच्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात जाहिराती अशाच जोखायला सांगितल्या होत्या. कुठल्या जाहिरातीचं कूपन कापून किती जणांनी पाठवलं, एक उत्तर कितीला पडलं आणि त्यातून माल किती खपला, यावर तो जाहिरात ठेवायची की काढायची ते ठरवी. कूपनाच्या जागी आता व्हॉट्सॲपवरचा ‘रेट?’ एवढाच मेसेज आला आहे. पण टपालाने माल विकणाऱ्याची पेटी कधी भरून जात नाही, होमस्टेच्या खोल्या भरतात. पुढचा सगळा घोळ तिथून निघतो.

आधी सुटणाऱ्या पैशांचं बघू. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण कुठल्याही चार खोल्यांच्या होमस्टेवाल्याला ते आपल्या वहीतल्या आकड्यांनी बदलता येतील. चार माणसांचं कुटुंब एका खोलीत एक रात्र राहतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोलीचे २,२०० आणि रात्रीचं जेवण, नाश्ता, दुसऱ्या दिवशीचं जेवण मिळून माणशी ६०० प्रमाणे २,४००. बिल झालं ४,६००. यातून फक्त तोच खर्च वजा करायचा जो हे कुटुंब आलं नसतं तर झालाच नसता. मासळी, तांदूळ, तेल, नारळ, गॅस यांचे १,३००. चादरी-टॉवेल धुण्याचे २००. खोली आवरायला बोलावलेल्या बाईचे ३००. एसी रात्रभर चालतो त्याचे २५०. साबण, पाण्याच्या बाटल्या वगैरे ५०. एकूण २,१००, म्हणजे सुटले २,५००. शनिवारी खोली ४,००० ला जाते, खर्च तोच, म्हणून सुटले ४,३००.

केअरटेकरचा पगार, घरपट्टी, बँकेचा हप्ता, पावसाळ्यानंतर दर वर्षी करावी लागणारी रंगरंगोटी आणि खाऱ्या हवेने गंजलेले पत्रे बदलणं हे यात धरलेलं नाही. अनेकांना ते खटकतं. हे खर्च खरे आहेत, मग वगळायचे कसे? कारण ते कुटुंब आलं तरी होणार आणि न आलं तरी होणार. मंगळवारची खोली रिकामी राहिली म्हणून केअरटेकरचा पगार कापला जात नाही. हे खर्च भागतात का, हा धंदा चालवायचा की नाही याचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर वर्षाच्या शेवटी मिळतं. एका चौकशीला किती द्यायचे हा वेगळा प्रश्न. बिलातच हप्त्याचा वाटा घातला तर सुटणारे पैसे कमी दिसतात आणि परवडणारी चौकशीही परवडत नाही असं वाटतं. उलट टोकाची चूकही होते. कोणी थेट बिलाची रक्कम धरतो, ४,६०० चे आठ टक्के ३६८ काढतो आणि मासळीबाजारात गेलेले पैसे विसरतो. हां, एक खरं की दोनशे ही शेवटची रेघ आहे. दर चौकशीला दोनशेच देत बसलं तर केअरटेकरचा पगार कशातून द्यायचा? म्हणून त्याच्या आत किती थांबायचं हे मालकाने आपल्या ठरावीक खर्चाकडे बघून ठरवावं. पण शेवटची रेघ कुठे आहे हेच माहीत नसेल तर आत थांबणार कुठे?

आता चौकशीच्या भावातली दोन लपलेली भर. पडद्यावर एका चौकशीचा भाव ८५ दिसतो, पण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. मोठ्या कंपनीला तो कर परत मिळतो. चार खोल्यांच्या होमस्टेची उलाढाल बहुधा नोंदणीच्या मर्यादेखालीच असते, म्हणून तो त्याच्या खिशातून जातो आणि ८५ चे १०० होतात. सुटणाऱ्या पैशांशी ताडायचे ते शंभर. दुसरी भर रद्द होणाऱ्या बुकिंगची. ॲडव्हान्स आला की मालक चौकशी पक्की धरतो, पण त्यातले एक-दोन जण आदल्या दिवशी फोन करतात की मुलाला ताप आला आहे. ओळखीचा माणूस असेल तर ॲडव्हान्स परतही द्यावा लागतो. म्हणून मोजणी ॲडव्हान्सची न करता गाडी अंगणात लागल्यावर करावी.

इथवर सगळं कुठल्याही धंद्याला लागू आहे, मग तो पनवेलचा एसी दुरुस्तीवाला असो की अलिबागचा पेस्ट कंट्रोलवाला. काशीदचं वेगळेपण पुढे आहे. एका महिन्याची वही मांडून बघू. महिन्यात चार शनिवार, चार खोल्या, म्हणजे विकायला शनिवारच्या सोळा रात्री. शुक्रवारी येणारेही असतात, पण हिशेब सोपा राहावा म्हणून फक्त शनिवारची रात्र गर्दीची धरू. जाहिरातीवर करासकट २०,००० गेले आणि २०० चौकश्या आल्या. त्यातल्या १५० शनिवारसाठी आणि ५० मधल्या दिवसांसाठी. अठरा जणांनी ॲडव्हान्स पाठवला, दोन रद्द झाले, सोळा कुटुंबं आली. बारा शनिवारी, चार मधल्या दिवसांत. मालक गुणाकार करतो. शनिवारच्या बारांचे ५१,६०० सुटले, मधल्या चारांचे १०,०००, एकूण ६१,६००. दोनशे चौकश्यांनी भागलं तर एका चौकशीमागे ३०८. आपण देतो शंभर. म्हणजे अजून तिप्पट द्यायलाही हरकत नाही, असं त्याला वाटतं. जाहिरात विकणारा माणूसही त्याला हेच सांगतो.

पण मागच्या वर्षाची वही काढली तर त्याच महिन्यात, जाहिरात नसताना, शनिवारच्या सोळापैकी चौदा रात्री भरलेल्या दिसतात. जुनी गिऱ्हाइकं, गूगल मॅपवर नंबर बघून फोन करणारे आणि शेजारच्या होमस्टेत जागा नाही म्हणून पाठवलेले. यंदा जाहिरातीतून बारा कुटुंबं शनिवारी आली तेव्हा त्यांनी रिकाम्या खोल्या फक्त दोन भरल्या. बाकीच्या दहांनी, जी माणसं एरवी फुकट आली असती त्यांची जागा घेतली. ज्यांची जागा गेली त्या दहांना मालकाने फोनवर ‘सॉरी, फुल आहे’ म्हणून परत पाठवलं. म्हणजे जाहिरातीने खरोखर मिळवून दिल्या त्या शनिवारच्या दोन रात्री आणि मधल्या दिवसांच्या चार. दोनाचे ८,६००, चारांचे १०,०००, एकूण १८,६००. दिले २०,०००. एका चौकशीचा खरा परवडणारा भाव ३०८ नाही, ९३ आहे, आणि मालक शंभर देऊन महिन्याला चौदाशे घालवतो आहे. त्याच्या हिशेबात मात्र तो एक्केचाळीस हजार सहाशे नफ्यात दिसतो.

या गावात शनिवार एवढा आपोआप का भरतो याचं उत्तर रस्त्यात आहे. काशीद अलिबागहून तीसेक किलोमीटर, रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर. इथे रेल्वे येत नाही. मुंबईकर पेण-वडखळवरून गाडीने येतो किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीने उतरतो. ही रो-रो सेवा २०२० साली सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला आणि मुंबईतून पनवेलकडे निघणं सोपं झालं. पुण्याहून येणाऱ्याला घाट उतरावा लागतो. सगळ्या सोयी धरूनही एका बाजूचे तीन-चार तास कुठे गेले नाहीत. एवढा प्रवास करून एक रात्र राहायचं तर माणूस सुट्टी बघूनच निघतो. गर्दी शनिवारी येते ती किनारा त्या दिवशी जास्त सुंदर दिसतो म्हणून थोडीच? सोमवारी ऑफिस असतं, म्हणून. आणि तीनेक किलोमीटरच्या त्या वाळूमागे खोल्या मोजक्याच आहेत. त्यामुळे शनिवारी गिऱ्हाईक खोली शोधत येतं. मधल्या वारी खोलीला गिऱ्हाईक शोधत जावं लागतं. पैसे द्यायचे तर त्या शोधाला.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. शनिवारच्या चौदा रात्री यंदाही जाहिरातीशिवाय भरल्या असत्या हे कशावरून? गावात दर वर्षी नवे होमस्टे उभे राहतात, मागच्या वर्षीची वही यंदाचं भविष्य सांगत नाही. खरं आहे. म्हणून वहीवर थांबू नये, जाहिरात बंद करून बघावी. दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद, असं हंगामात दोन महिने केलं तर जाहिरात बंद असलेल्या आठवड्यांत आलेली चौकशी आणि भरलेल्या खोल्या समोर दिसतात. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. काशीदला शनिवारची चौकशी बहुतेक आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत येते, म्हणून जाहिरात बंद केली त्याच शनिवारी फरक शोधू नये, पुढच्या शनिवारी शोधावा. दुसरं, तुलनेत २६ जानेवारीला लागून आलेला शनिवार आणि साधा शनिवार एकत्र घालू नयेत. सुट्ट्यांचा शनिवार जाहिरातीशिवायही भरतो आणि सगळं श्रेय जाहिरात घेऊन जाते.

मधल्या दिवसांचा हिशेब वेगळा काढला की तो स्वच्छ दिसतो. मधल्या दिवसांत खोली रिकामी असतेच, म्हणून जाहिरातीतून आलेलं प्रत्येक कुटुंब खरोखरचं जास्तीचं. पन्नासात चार पक्की, म्हणजे आठ टक्के, गुणिले अडीच हजार, दोनशे. शनिवारी जेमतेम दोन खोल्यांची गरज आहे आणि त्यांच्यासाठी दीडशे चौकश्यांची उत्तरं द्यावी लागतात. ८,६०० भागिले दीडशे, सत्तावन्न. एकाच घराच्या, एकाच खोलीच्या, एकाच जाहिरातीतल्या दोन चौकश्या. एकीला दोनशे परवडतात, दुसरीला सत्तावन्न. दोन्हींची सरासरी काढली की दोन्ही आकडे हरवतात. शनिवारचं बिल मोठं म्हणून शनिवारच्या चौकशीला जास्त द्यावेत असं सहज वाटतं, आणि हिशेब बरोबर उलटा लागतो.

यातून पहिली कृती निघते ती जाहिरातीच्या मजकुराची. ‘काशीद बीचजवळ घरगुती राहणं-जेवण’ असं लिहिलं की शनिवारवाले येणारच. ‘रविवार ते गुरुवार, चार माणसं, राहणं-जेवण ४,६००’ असं ठळक लिहिलं की शनिवारवाले बरेचसे गळतात. चौकश्या कमी होतात आणि एकेक महाग पडते. हे बघून मालक घाबरतो, कारण पडद्यावरचा भाव शंभरावरून चढलेला दिसतो. घाबरायचं कारण नाही, पण डोळे मिटून पैसे वाढवायचंही कारण नाही. समजा या नव्या जाहिरातीवर १०,००० घातले आणि मधल्या दिवसांच्या ६० चौकश्या आल्या. एक १६७ ला पडली. दोनशेच्या आत आहे, म्हणजे ठीक वाटतं. पण पहिल्या पाच हजारांत चाळीस चौकश्या आल्या होत्या, १२५ ला एक, आणि दुसऱ्या पाच हजारांत फक्त वीस, २५० ला एक. जे सहज येणारे होते ते आधीच आले, उरलेल्यांना जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवावी लागली. पहिल्या पाच हजारांनी तीन हजार मिळवले, दुसऱ्या पाच हजारांनी एक हजार घालवले. सरासरी १६७ म्हणते की सगळं ठीक आहे. परवडणारा भाव ताडायचा तो शेवटी वाढवलेल्या पैशांशी, एकूण सरासरीशी नाही. महिन्याला खर्च वाढवताना आधीचा आकडा लिहून ठेवला आणि वाढीवर किती चौकश्या वाढल्या एवढंच बघितलं तरी हे कळतं.

दुसरा आक्षेप आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा याचा, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पन्नासात चार पक्की झाली म्हणून आठ टक्के म्हणालो. पण चार हा किती लहान आकडा आहे! एखादं कुटुंब इकडे-तिकडे झालं तर आठाचे सहा किंवा दहा होतात. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने बघितलं तर पन्नासात चार आली यावरून खरा दर तीन टक्क्यांपासून अठरा-एकोणीस टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे परवडणारा भाव पाऊणशे असू शकतो आणि साडेचारशेही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात दोनशे हा आकडा धरून शंभर-दीडशेचा निर्णय घेणं म्हणजे अंदाजच. तीसेक बुकिंग जमा झाली की पट्टा आवळतो, तरी एक-तृतीयांश इकडे किंवा तिकडे राहतोच. चार खोल्यांच्या होमस्टेला मधल्या दिवसांची तीस बुकिंग जमायला अख्खा हंगाम लागतो. मग तोवर काय करायचं? खालच्या बाजूने चालायचं. दोनशे निघाले तर शंभराच्या आसपास थांबायचं, आणि एका महिन्यात पाच बुकिंग आली म्हणून खुश होऊन पैसे दुप्पट करायचे नाहीत, की एका महिन्यात दोनच आली म्हणून जाहिरात काढायची नाही.

भाव कमी करण्यापेक्षा रेघ वर सरकवणं पुष्कळदा सोपं असतं, आणि ती दोन ठिकाणी सरकते. एक म्हणजे शंभरातली पक्की किती होतात. व्हॉट्सॲपवर ‘१४ तारखेला रूम आहे का, ४ जण’ असा मेसेज दुपारी आला आणि उत्तर रात्री नऊला गेलं, तर तोवर त्या माणसाने नागाव आणि मुरूडमधल्या दोन-तीन जणांना विचारून झालेलं असतं. उत्तरात नुसता दर लिहिण्याऐवजी त्या तारखेची उपलब्ध खोली, तिचा फोटो, जेवणात काय असेल आणि ॲडव्हान्स किती हे एकाच मेसेजात गेलं तर पुढच्या चार-पाच विचारणा वाचतात. यातून आठाचे बारा टक्के झाले तर दोनशेचे तीनशे होतात, जाहिरातीवर एक रुपयाही न वाढवता. पण उत्तर देणाऱ्याचा वेळही मोजावा. दोनशे चौकश्यांना दहा-दहा मिनिटं गेली तरी महिन्याला तेहेतीस तास होतात. हे काम घरची सूनच करते म्हणून ते फुकट आहे असं समजलं जातं. तिने त्याच वेळात दुसरं काही केलं असतं तर किती मिळाले असते हे विचारायचं राहून जातं.

दुसरी जागा म्हणजे एका बुकिंगमागे सुटणारे पैसे. मधल्या दिवशी येणाऱ्याला ‘दुसरी रात्र निम्म्या दरात’ असं सांगितलं तर? खोलीचे १,१०० आणि जेवणाचे २,४००, वजा मासळी-किराण्याचे १,३००, एसी आणि किरकोळ मिळून ३००. चादर बदलावी लागत नाही, आवरणं थोडं. दुसऱ्या रात्रीचे १,९०० सुटतात आणि त्या रात्रीसाठी नवी चौकशी विकत घ्यावी लागत नाही. निम्म्या कुटुंबांनी दुसरी रात्र घेतली तर बुकिंगमागे सरासरी ३,४५० सुटतात आणि आठ टक्क्यांनीच परवडणारा भाव दोनशेवरून २७६ वर जातो. दुसऱ्या दिवशी करायला काहीतरी हवं, हे खरं. फणसाडचं अभयारण्य इथे लागूनच आहे, मुरूडला जाऊन जंजिरा बघता येतो. दुसरी रात्र विकायची असेल तर हे बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं. गाडी निघताना सांगून उपयोग नसतो.

तिसरा आक्षेप करणारे म्हणतात की एवढं कशाला करायचं, बुकिंगच्या साइटवर खोली टाका. तिथे चौकशीला काही द्यावं लागत नाही, गिऱ्हाईक आलं तरच कमिशन. धोका सगळा त्यांचा. हा आक्षेप नुसता उडवून लावण्यासारखा नाही, हिशेब करण्यासारखा आहे. कमिशन वीस टक्के धरू, खोलीच्या २,२०० वर ४४०, त्यावर जीएसटी धरून सुमारे ५२०. आपल्या जाहिरातीत चौकशी १२५ ला पडत होती आणि आठ टक्के पक्की होत होती, म्हणजे एक बुकिंग सुमारे १,५६० ला. पाचशे वीस कुठे आणि दीड हजार कुठे! साइटच स्वस्त. आणि इथे आणखी एक गोष्ट कळते. दोनशे हा परवडणारा भाव असला तरी शेजारी तेच गिऱ्हाईक स्वस्तात मिळत असेल तर दोनशे देणं शहाणपणाचं नाही. परवडणं म्हणजे तोटा न होणं, आणि तोटा होत नाही म्हणून ते सगळ्यांत चांगलं ठरत नाही.

पण साइटवरून येणारा पुष्कळदा फक्त खोली घेतो आणि जेवायला किनाऱ्यावरच्या हॉटेलात जातो. मग जेवणातून सुटणारे अकराशे जातात आणि बुकिंगमागे अडीच हजाराऐवजी १,४०० सुटतात. कमिशन वजा जाता ८८०. जाहिरातीतून थेट आलेलं कुटुंब जेवतं, त्याचे २,५०० वजा १,५६०, म्हणजे ९४०. फरक जवळजवळ संपला. म्हणून साइट की जाहिरात हा वाद हवेत घालण्यात अर्थ नाही. तो तुमच्या साइटवरच्या गिऱ्हाइकांतले किती जण सुरमईची थाळी मागतात यावर ठरतो, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरालाच माहीत आहे. मॅपवर नंबर बघून थेट फोन करणाऱ्यांचा हिशेब तर आणखी वेगळा. फोन करणारा मेसेजवाल्यापेक्षा ठाम असतो. शंभरातले तीस पक्के झाले असं धरलं तर मधल्या दिवसाच्या त्या एका फोनला साडेसातशे परवडतात. म्हणून मेसेज आणि फोन एकाच रकान्यात मोजू नयेत. महाग फोन हा स्वस्त मेसेजपेक्षा स्वस्त असू शकतो.

शेवटचा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं, चार ओळखीच्यांना सांगतं, ते जाहिरातीशिवाय येतात. मग पहिल्या बुकिंगपुरता हिशेब करणं कोतेपणाचं नाही का? तत्त्वतः बरोबर. पण वहीत बघायला हवं की पुन्हा येणारी माणसं केव्हा येतात. मधल्या वारी आलेलं कुटुंब पुढच्या वर्षी मुलांच्या सुट्टीत शनिवारी आलं तर त्याने भरलेली खोली कोणीतरी भरलीच असती. त्या वेळी सुटलेल्या ४,३०० मधला जाहिरातीचा वाटा जवळजवळ शून्य. पुन्हा मधल्या दिवशीच येणारा, निवृत्त जोडपं किंवा घरून काम करणारा तरुण, हा मात्र पूर्ण जमेस धरावा. आणि ते पैसे वर्षभराने येणार आहेत, केअरटेकरचा पगार या महिन्यात द्यायचा आहे, म्हणून त्यातले निम्मेच धरावेत असं मला वाटतं. याला शास्त्राधार नाही, नुसता सावधपणा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची सुरूची झाडं आणि घरांचे पत्रे उडवले, त्या वेळी पुढच्या हंगामाच्या गिऱ्हाइकांवर कर्ज काढून बसलेल्यांची काय गत झाली असेल, याचा विचार केला तर सावधपणा जास्त वाटणार नाही.

पावसाळ्याचा हिशेब मात्र या सगळ्यापासून अलग ठेवावा. समुद्र खवळलेला असतो, पाण्यावरचे खेळ बंद असतात, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी थांबतात. हिरवळ बघायला येणारे येतात, पण दर पडतो. खोली १,५०० ला गेली तर बुकिंगमागे अठराशे सुटतात. पावसाचा अंदाज बघून माणसं कचरतात, म्हणून पक्की होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांवर आलं असं धरू. गुणाकार नव्वद. ज्या चौकशीला हिवाळ्यात १२५ देऊन फायदा होत होता ती जुलैत त्याच भावाला घेतली तर दर चौकशीला पस्तीस रुपये जातात. या दिवसांत शनिवारही आपोआप भरत नाही, म्हणून त्याची चौकशीही आता पूर्ण किमतीची. हंगामात शनिवार वगळायचा आणि पावसाळ्यात तो धरायचा, असं करायचं तर जाहिरातीचा मजकूर वर्षातून दोनदा बदलावा लागेल आणि वहीत जूनपासून नवं पान काढावं लागेल.